ड्रॉइंगमधली सगळी मापं बरोबर, तरी सर्कलिप बसत नाही: इंटर्नच्या पार्ट ड्रॉइंगमधली नेहमीची अडचण

डिझाइन विभागात नव्याने आलेल्या इंटर्नला पहिलं काम बहुतेक वेळा एखाद्या साध्या टर्निंग पार्टचं ड्रॉइंग करायचं मिळतं. मॉडेल तयार असतं, त्यावरून व्ह्यू टाकायचे, मापं द्यायची, टॉलरन्स लिहायचे आणि चेकरकडे पाठवायचं. ड्रॉइंग लाल खुणांनी भरून परत येतं. खुणा दुरुस्त करून पुन्हा पाठवलं की नव्या जागी नव्या खुणा येतात. कधी चेकरकडून सुटतं, पार्ट बनून येतो, क्वालिटीवाले प्रत्येक माप तपासून पास करतात आणि असेंब्लीला तो बसत नाही. हे शेवटचं लक्षण सगळ्यात महाग पडतं, म्हणून त्याचंच एक उदाहरण शेवटापर्यंत सोडवून दाखवतो. एकदा त्यामागचं कारण कळलं की चेकरच्या निम्म्याअधिक लाल खुणांचंही कारण तेच असतं हे दिसेल.

पार्ट असा आहे. ६२०४ बेअरिंगसाठी एक गोल हाउसिंग. बेअरिंगचा आतला व्यास २० मिमी, बाहेरचा ४७ मिमी, रुंदी १४ मिमी. हाउसिंग मशीनच्या प्लेटवर मागच्या फेसने बसतं. बेअरिंग पुढच्या बाजूने आत सरकतं, आतल्या शोल्डरला टेकतं आणि पुढे सर्कलिप लावून अडवलं जातं. सर्कलिप DIN 472 ची, ४७ बोअरची, १.७५ मिमी जाड. तिच्यासाठी ग्रूव्हचा व्यास ४९.५ आणि रुंदी १.८५ मिमी. हाउसिंगची एकूण लांबी ३० मिमी.

इंटर्नने दिलेली मापं: पुढच्या फेसपासून शोल्डरपर्यंत २०, पुढच्या फेसपासून ग्रूव्हच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत ४.२, ग्रूव्हची रुंदी १.८५, एकूण लांबी ३०, बोअर ४७.०००. टायटल ब्लॉकमध्ये `ISO 2768-m`. एकही माप सुटलेलं नाही, एकही दोनदा दिलेलं नाही. कॉलेजच्या पेपरात या ड्रॉइंगला पूर्ण गुण मिळाले असते.

अडचण नेमकी कुठे आहे ते शोधणे

तक्रार आली की आधी ड्रॉइंग बाजूला ठेवा आणि असेंब्लीचा सेक्शन उघडा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: काय बसत नाही आणि त्या जागी कोणकोणत्या पृष्ठभागांमध्ये अंतर हवं आहे? इथे सर्कलिप ग्रूव्हमध्ये जात नाही, कारण बेअरिंग ग्रूव्हच्या वाटेत येतं. म्हणजे शोल्डर आणि ग्रूव्हची बाहेरची भिंत या दोघांमध्ये बेअरिंग अधिक सर्कलिप मावायला हवी. हाउसिंगचं कामाचं माप हे एकच आहे, आणि नेमकं तेच ड्रॉइंगवर नाही. ते २० मधून ४.२ वजा केल्यावर निघतं. वजा करताना दोन्ही मापांचे टॉलरन्स मात्र वजा होत नाहीत, त्यांची बेरीज होते.

`ISO 2768-m` प्रमाणे ३ ते ६ मिमीच्या मापाला ±०.१ मिळतो, ६ च्या पुढे ३० पर्यंत ±०.२, आणि ३० च्या पुढे १२० पर्यंत ±०.३. विकत घेतलेल्या वस्तूंनाही टॉलरन्स असतात. नॉर्मल क्लासच्या या बेअरिंगची रुंदी १४ पेक्षा जास्त नसते, पण ०.१२ ने कमी असू शकते. सर्कलिपची जाडी १.७५ पेक्षा ०.०६ ने कमी असू शकते. आता दोन्ही टोकं काढू.

```
मोकळी जागा = शोल्डरची खोली − ग्रूव्हच्या बाहेरच्या भिंतीचं अंतर − बेअरिंग − सर्कलिप

नॉमिनल    : २०.०० − ४.२० − १४.०० − १.७५ = +०.०५
सर्वांत कमी : १९.८० − ४.३० − १४.०० − १.७५ = −०.२५
सर्वांत जास्त: २०.२० − ४.१० − १३.८८ − १.६९ = +०.५३
```

वजा ०.२५ म्हणजे पाव मिलिमीटर जागा कमी. तो पार्ट ड्रॉइंगप्रमाणे शंभर टक्के बरोबर आहे, क्वालिटीने पास केला हेही बरोबर आहे, आणि सर्कलिप बसणार नाही हेही तितकंच खरं. उलट टोकाला बेअरिंग अर्ध्या मिलिमीटरहून जास्त मागे-पुढे सरकेल. मॉडेलमध्ये हे कधीच दिसत नाही, कारण मॉडेल नॉमिनल मापांवर उभं असतं आणि तिथे ०.०५ ची छान मोकळी जागा असते. इंटरफिअरन्स चेक चालवलात तरी तो काहीच दाखवणार नाही.

इथे बरेच जण टॉलरन्स आवळायला धावतात. ४.२ ला ±०.०२, २० ला ±०.०२ असं लिहून टाकतात. बसायचा प्रश्न त्याने सुटतो असं वाटतं, पण नॉमिनल जागा फक्त ०.०५ आहे आणि दोन मापांचे मिळून ०.०४ त्यातून जातात, म्हणजे ०.०१ वर गाडी चालवायची. शिवाय व्हेंडरला दोन मापं घट्ट धरायला लावली आहेत, ज्यातलं एकही स्वतंत्रपणे महत्त्वाचं नाही. पुढचा फेस या असेंब्लीत कशालाच टेकत नाही. तो फेस थोडा पुढे-मागे झाल्याने कोणाचंच बिघडत नाही, तरीही सगळी मापं त्याच्यापासून दिली आहेत.

हे होतं का

कारण मॉडेलमध्ये आहे. स्केच काढताना पुढचा फेस सोयीचा म्हणून त्यावर ओरिजिन घेतला, तिथून २० खोल कट मारला, तिथून ४.२ वर ग्रूव्ह मारलं. मग सॉलिडवर्क्सच्या ड्रॉइंगमध्ये `Insert > Model Items` दाबलं. त्या आज्ञेने स्केचमधली मापं जशीच्या तशी शीटवर उतरतात. कॅडला पार्ट कसा काढला एवढंच ठाऊक असतं, तो कशाला टेकतो हे ठाऊक नसतं. हाताने `Smart Dimension` वापरून दिली तरी नजर आपोआप बाहेरच्या कडेकडे जाते, कारण तिथे माप ठेवायला मोकळी जागा असते.

यावरून एक झटपट तपासणी करता येते. तुमच्या ड्रॉइंगमधली सगळ्यात जास्त मापं ज्या फेसपासून निघतात त्यावर बोट ठेवा आणि असेंब्लीत तो फेस कशाला टेकतो ते पाहा. उत्तर ‘कशालाच नाही’ असं आलं तर इतर दुरुस्त्या थांबवा, आधी हे सोडवा.

दुरुस्ती

पहिलं काम म्हणजे कामाचं माप थेट लिहिणं: शोल्डरपासून ग्रूव्हच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत. बेअरिंग आणि सर्कलिप दोन्ही सर्वांत जाड आली तर १५.७५ लागतं. किमान ०.०५ मोकळी जागा ठेवू, म्हणजे खालची मर्यादा १५.८०. वरची मर्यादा ठरवताना दोन गोष्टी पाहायच्या: व्हेंडरला सहज काय जमतं आणि बेअरिंगची किती हालचाल चालते. एकाच सेटअपमध्ये सीएनसी लेथवर शोल्डर आणि ग्रूव्ह मारताना ०.०८ चा टॉलरन्स जड नाही. म्हणून १५.८०, +०.०८/०.

```
सर्वांत कमी : १५.८० − १४.०० − १.७५ = +०.०५
सर्वांत जास्त: १५.८८ − १३.८८ − १.६९ = +०.३१
```

सर्कलिप आता प्रत्येक पार्टमध्ये बसेल. हालचाल ०.५३ वरून ०.३१ वर आली. या आकड्याकडे जरा थांबून पाहा. एकूण फरक ०.२६ चा आहे आणि त्यातला ०.१८ बेअरिंग आणि सर्कलिपचा आहे. म्हणजे हाउसिंगचं माप कितीही घट्ट केलं तरी ०.२३ च्या खाली ही हालचाल जात नाही. तुमच्या मशीनला त्याहून कमी हवी असेल तर ड्रॉइंगमध्ये टॉलरन्स आवळून पैसे घालवू नका. शिम वॉशर घाला, किंवा सर्कलिपऐवजी बोल्टने आवळायचं कव्हर घ्या. हा निर्णय असेंब्लीचा आहे, म्हणून सीनियरला विचारूनच करायचा. पण वरची बेरीज हातात घेऊन विचाराल तर चर्चा पाच मिनिटांत संपते.

दुसरं काम उरलेल्या मापांचं. हाउसिंग मागच्या फेसने प्लेटवर बसतं, म्हणून शोल्डरची जागा मागच्या फेसपासून द्यायची: १०. एकूण लांबी ३० राहू द्या. ग्रूव्हबाहेर उरणारी पट्टी, म्हणजे ४.२, आता लिहायची नाही. ती उरेल ती उरेल. मापांच्या साखळीत एक कडी मोकळी सोडावीच लागते, आणि ती सगळ्यात कमी महत्त्वाची असावी.

पण ‘कमी महत्त्वाची’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवता येत नाही. ४७ बोअरच्या या सर्कलिपला ग्रूव्हबाहेर किमान ३.८ मिमी धातू लागतो, नाहीतर भार आल्यावर ती कड तुटू शकते. आपल्याकडे किती उरतो? एकूण लांबी सर्वांत कमी २९.८, शोल्डर जनरल टॉलरन्सप्रमाणे सर्वांत जास्त १०.२, त्यात १५.८८. उरले ३.७२. थोडक्यात हुकलं. शोल्डरच्या मापाला ±०.१ दिला की २९.८ वजा १०.१ वजा १५.८८, म्हणजे ३.८२ उरतात. बेअरिंग आणि त्याच्यासोबत शाफ्ट प्लेटपासून किती अंतरावर उभा राहतो हे याच मापावर अवलंबून आहे, त्यामुळे इथे ±०.१ देणं तसंही योग्यच होतं. वाचणाऱ्याच्या सोयीसाठी ४.२ दाखवायचंच असेल तर ते कंसात टाका. कंसातलं माप तपासायचं नसतं, हे व्हेंडर आणि क्वालिटी दोघांना माहीत असतं.

तिसरं काम मॉडेलमध्ये परत जायचं. इंटर्न इथे आळस करतात आणि ड्रॉइंगवरच नवी मापं चिकटवतात. स्केच उघडा, ग्रूव्हच्या भिंतीचं माप शोल्डरपासून द्या, शोल्डरचं मागच्या फेसपासून. उद्या कोणी बेअरिंग बदललं तर स्केचमधलं एक माप बदलून सगळं बरोबर सरकेल. आणखी एक कारण आहे. बरेच व्हेंडर प्रोग्रॅम थेट STEP फाइलवरून करतात. मॉडेलमध्ये १५.८० असेल आणि टॉलरन्स +०.०८/० असेल तर प्रोग्रॅम नेमका खालच्या टोकावर चालेल आणि टूल जरासं झिजलं की पार्ट बाद होईल. म्हणून अशा मापाला मॉडेलमध्ये १५.८४ ठेवून ड्रॉइंगवर १५.८४ ±०.०४ लिहिणं मला जास्त आवडतं. मर्यादा त्याच राहतात, लक्ष्य मधोमध येतं. बोअरसारख्या फिटच्या मापाला मात्र असं करू नका. तिथे नॉमिनल ४७ आणि H7 हीच ओळख सगळे वाचतात.

व्हेंडर म्हणतो, हे माप मोजता येत नाही

दुरुस्त ड्रॉइंग पाठवल्यावर हा फोन हमखास येतो आणि त्यात तथ्य आहे. ग्रूव्हची बाहेरची भिंत आतल्या बाजूला तोंड करून असते. डेप्थ व्हर्निअर पुढून घातला तर शोल्डरला टेकतो, पण त्या भिंतीला टेकू शकत नाही. व्हेंडरला पुढच्या फेसपासूनची मापं हवी असतात ती याच कारणाने.

यावर जुन्या मापांकडे परत जायचं नाही. त्याला सांगा, की त्याने प्रोग्रॅम पुढच्या फेसवरून करावा, डेप्थ मायक्रोमीटरने शोल्डर मोजावा, ग्रूव्ह मायक्रोमीटरने बाहेरची पट्टी मोजावी आणि वजाबाकी १५.८० ते १५.८८ मध्ये ठेवावी. ०.०८ चा टॉलरन्स दोन मापांत कसा वाटायचा हे तो त्याच्या मशीनप्रमाणे ठरवेल. दोन्ही मापं एकाच सेटअपमध्ये, एकाच झिरोवरून निघतात, त्यामुळे त्यांच्यातला फरक मशीन चांगला धरतं. संख्या मोठी असेल तर एक छोटं पायरीचं गेज बनवतात: १५.८० चं टोक जायला हवं, १५.८८ चं अडायला हवं. ड्रॉइंगने काय हवं ते सांगायचं. कसं करायचं ते टर्नर ठरवतो. मात्र त्याचं म्हणणं न ऐकता फोन ठेवू नका. मोजायचा मार्ग दोघांनाही सुचत नसेल तर ते माप खरोखर चुकीच्या जागी आहे, असं समजायला हरकत नाही.

बोअर ४७.०००

ही खूण जवळजवळ प्रत्येक पहिल्या ड्रॉइंगवर पडते. तीन शून्यं लिहिली की माप अचूक झालं असं वाटतं. ज्या टायटल ब्लॉकमध्ये दशांश स्थळांवरून टॉलरन्स ठरतो, म्हणजे एक स्थळ असेल तर इतका, दोन असतील तर तितका, असा तक्ता असतो, तिथे त्या शून्यांना अर्थ आहे. ही पद्धत अमेरिकन धर्तीच्या टेम्प्लेटमध्ये दिसते. तुमच्या टायटल ब्लॉकमध्ये `ISO 2768-m` लिहिलं असेल तर ४७ लिहा नाहीतर ४७.०००, टॉलरन्स ±०.३ च. म्हणजे ४६.७ ते ४७.३. त्या बोअरमध्ये बेअरिंग एक तर जाणारच नाही किंवा खुळखुळेल, आणि दोन्ही पार्ट ड्रॉइंगप्रमाणे बरोबर ठरतील.

म्हणून आधी टायटल ब्लॉक वाचा, मग मापं द्या. सॉलिडवर्क्समध्ये `Document Properties > Dimensions` मध्ये `Trailing zeroes` ला `Remove` ठेवलं तर ही फसवी शून्यं शीटवर येतच नाहीत. तुमच्या कंपनीचं टेम्प्लेट दशांशावर चालत असेल तर मात्र ही सेटिंग बदलू नका, सगळे टॉलरन्स बदलतील. आणि एकाच शीटवर दोन्ही पद्धती असतील, तळाशी ISO ची नोंद आणि शेजारी दशांशांचा तक्ता, तर ते टेम्प्लेटच चुकीचं आहे. चेकरला लगेच दाखवा. असं टेम्प्लेट वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात न येता फिरत राहतं. टायटल ब्लॉकमध्ये `ISO 2768-mK` असं दिसलं तर त्यातलं `K` भौमितिक टॉलरन्ससाठी आहे आणि तो भाग, `ISO 2768-2`, २०२१ मध्ये मागे घेतला गेला. त्याच्या जागी `ISO 22081` आलं आहे. जुन्या टेम्प्लेटांवर `K` अजून सर्रास दिसतं. ते काढायचं की नाही हे इंटर्नने एकट्याने ठरवायचं काम नाही, पण त्याच्या भरवशावर महत्त्वाचं काही सोडूही नका.

आता बोअरला फिट कोणतं? शाफ्ट फिरतो, भाराची दिशा ठरलेली आहे आणि बाहेरची रिंग स्थिर आहे, ही नेहमीची स्थिती असेल तर H7 चालतं. ४७ ला H7 म्हणजे ४७.००० ते ४७.०२५. बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ पासून ११ मायक्रॉन कमीपर्यंत. म्हणजे फट ० ते ३६ मायक्रॉन. बेअरिंग हाताने किंवा हलक्या दाबाने जातं. जरा घट्ट हवं असेल तर J7, म्हणजे ४६.९८९ ते ४७.०१४. तिथे ११ मायक्रॉनच्या दाबापासून २५ मायक्रॉनच्या फटीपर्यंत काहीही मिळू शकतं.

पण हेच बेअरिंग पट्ट्याच्या आयडलर पुलीत असतं, तर शाफ्ट स्थिर राहून बाहेरची रिंग फिरली असती. तिथे H7 दिलं तर रिंग बोअरमध्ये हळूहळू सरकत फिरते आणि बोअर खाते. तिथे N7, म्हणजे ४६.९६७ ते ४६.९९२, असं घट्ट फिट लागतं. कॉलेजात पाठ केलेलं H7 सगळीकडे लावण्याआधी काय फिरतं आणि भार कुठे येतो हे असेंब्लीत पाहायचं ते म्हणूनच.

सॉलिडवर्क्समध्ये माप निवडून `Tolerance/Precision` मध्ये `Fit with tolerance` घ्या. त्याने H7 सोबत +०.०२५/० ही आकडेवारीही छापली जाते. टर्नरला तक्ता शोधायला लावू नका. आकडे हाताने टाइप करू नका, यादीतून क्लास निवडा.

शोल्डरचा कोपरा

सगळी मापं बरोबर असूनही सर्कलिप बसत नाही, असं अजून एका कारणाने होतं आणि ते ड्रॉइंगवर मापात दिसतच नाही. बोअर आणि शोल्डर जिथे मिळतात त्या आतल्या कोपऱ्यात टूलच्या टोकाची गोलाई राहते. ६२०४ च्या कडेची गोलाई किमान १ मिमी असते, त्यामुळे हाउसिंगच्या कोपऱ्यातली गोलाई १ मिमीहून मोठी चालत नाही. मोठी झाली की बेअरिंग शोल्डरला न टेकता त्या गोलाईवर चढून बसतं आणि आपण जपून ठेवलेले ०.०५ तिथेच संपतात. मॉडेलमध्ये तो कोपरा धारदार काढलेला असतो आणि ड्रॉइंग त्याबद्दल काहीच बोलत नाही, मग टर्नर हाताशी असलेली इन्सर्ट लावतो.

उपाय एका ओळीचा आहे. त्या कोपऱ्याला `R0.8 MAX` अशी लीडर नोट द्या. ०.८ नोजची इन्सर्ट सगळीकडे असते, त्यामुळे व्हेंडरवर वेगळा खर्च पडत नाही. हे तपासायलाही सोपं आहे: बेअरिंग दाबून बसवल्यावर बोअरच्या दुसऱ्या बाजूने शोल्डर आणि रिंगमध्ये ०.०५ चं फीलर गेज जातंय का ते पाहा. गेलं तर बेअरिंग टेकलेलं नाही. शोल्डर बोअरच्या अक्षाला काटकोनात नसेल तरी एका बाजूने गेज जातं. त्यासाठी शोल्डरला बोअरच्या डेटमवरून ०.०२ चं काटकोनाचं चिन्ह द्यावं. दोन्ही एकाच सेटअपमध्ये होतात, म्हणून ते सहज जमतं.

मापावर हाताने लिहिलेला आकडा

घाईच्या वेळी मॉडेल न बदलता ड्रॉइंगवरच्या मापाचा आकडा बदलला जातो. ऑटोकॅडमध्ये मापावर डबल-क्लिक करून १५.८० टाइप केलं, सॉलिडवर्क्समध्ये `Override value` वर टिक केलं. कागदावर १५.८० दिसतं, भूमिती मात्र जुन्या मापाचीच राहते. व्हेंडरने STEP वरून काम केलं की वाद सुरू, आणि त्या वादात ड्रॉइंग करणारा हरतो.

ऑटोकॅडमध्ये शंका आली की मापाच्या टेक्स्टमध्ये बाकी सगळं पुसून फक्त हे टाका:

```
<>
```

खरं मोजलेलं माप परत येतं. सॉलिडवर्क्समध्ये `Override value` वर टिक नसायला हवी आणि मापाच्या टेक्स्टच्या चौकटीत `<DIM>` असायला हवं. त्या जागी नुसता आकडा दिसला तर कोणीतरी वरून लिहिलं आहे. मॉडेलमधली कड बदलल्यावर माप तुटून वेगळ्या रंगात दिसू लागतं, ते ओढून जागेवर बसवायचं नाही. काढून नवं द्यायचं.

इंटर्नला दुसऱ्या कोणाची जुनी फाइल बेस म्हणून मिळते तेव्हा ही तपासणी सगळ्यात आधी करा, आणि तेव्हाच `Sheet Properties` मध्ये `Type of projection` ही बघून घ्या. आपल्याकडे शिकवतात ते `First angle`. परदेशी ग्राहकाच्या फाइलवर `Third angle` असू शकतं. या हाउसिंगसारख्या पार्टमध्ये ते चुकलं तरी चटकन कळत नाही, पण फ्लॅंजवरचं एखादं ग्रीस निपलचं भोक विरुद्ध बाजूला जातं.

पाठवण्याआधी

पीडीएफ काढा, छापा आणि पेन घेऊन बसा. स्क्रीनवर ही तपासणी होत नाही, झूम केल्याने शेजारचं माप नजरेआड जातं. प्रत्येक मापावर टिक करताना ते कशाने मोजणार हे मनात म्हणा: व्हर्निअर, डेप्थ मायक्रोमीटर, बोअर गेज, प्लग गेज. उत्तर आलं नाही की तिथे गोल करा. मग असेंब्लीत टेकणारे पृष्ठभाग रंगवा. या हाउसिंगमध्ये ते मागचा फेस, बोअर, शोल्डर आणि ग्रूव्हची बाहेरची भिंत. या चौघांमधली मापं थेट आणि टॉलरन्ससह आहेत का, बाकीची जनरल टॉलरन्सवर सोडली आहेत का, एवढंच पाहा. आमच्याकडे येणाऱ्या ड्रॉइंगांत या हाउसिंगएवढ्या पार्टवर खरे टॉलरन्स हवे असलेली मापं चार-पाचच निघतात. पंधरा मापांवर टॉलरन्स लिहिले असतील तर व्हेंडर किंमत वाढवतो आणि त्यातलं कोणतं खरंच महत्त्वाचं आहे हे त्याला कळतही नाही.

साखळीची बेरीज चेकरला ड्रॉइंगसोबत वेगळ्या कागदावर द्या, वर केली तशी, तीन-चार ओळींची. १५.८४ ±०.०४ कुठून आलं हे त्याला पुन्हा शोधावं लागत नाही आणि लाल खूण करण्याआधी तो ती ओळ वाचतो. छोट्या संख्येच्या कामाला ही टोकाची बेरीजच वापरा. वर्गमुळाची सांख्यिकी पद्धत मोठ्या उत्पादनासाठी असते, जिथे प्रत्येक मापाचा विखुरलेपणा मोजलेला असतो. वीस-पंचवीस पार्टांच्या ऑर्डरला तिचा आधार घेतला तर न बसणारा पार्ट नेमका तुमच्याच टेबलावर येईल.

शेवटी रिव्हिजन. मापं बदलली की रिव्हिजनचं अक्षर बदला, बदललेल्या मापांशेजारी त्रिकोणात ते अक्षर टाका आणि तक्त्यात काय बदललं ते लिहा: ‘४.२ काढलं, १५.८४ ±०.०४ दिलं’. नुसतं ‘मापं सुधारली’ नको. मग परचेसमधून व्हेंडरला जुनं ड्रॉइंग रद्द झाल्याचं लेखी जाऊ द्या. दुरुस्त ड्रॉइंग सर्व्हरवर आणि जुनी प्रिंट लेथच्या कपाटाला चिकटवलेली, अशी स्थिती फार वेळा असते, आणि मग पुढची बॅचही सर्कलिप न बसणारीच येते.